पैसे गेले नाहीत, पण कोड गेलाय: सोमवारपर्यंत थांबू नका

पत्र

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मला फोन आला. बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय, म्हणाला. त्याला माझं पूर्ण नाव माहीत होतं, डेबिट कार्डाचे पहिले सहा आणि शेवटचे चार आकडेही त्याने वाचून दाखवले. ‘मॅडम, तुमच्या खात्यातून ४९,९९९ रुपयांचा व्यवहार सुरू झालाय. थांबवायचा असेल तर मधले आकडे आणि कार्डाची मुदत खात्रीसाठी सांगा, मग जो कोड येईल तो वाचा,’ असं म्हणाला. घाबरून मी सगळं सांगितलं. लगेच दुसरा कोड आला, तो मात्र दिला नाही, फोन ठेवून दिला. आज रविवार. सकाळी पाहिलं तर खात्यातली शिल्लक जशीच्या तशी आहे. मिस्टर म्हणतात, पैसे गेले नाहीत ना, मग कशाला गाजावाजा? सोमवारी शाखेत जाऊन यावं का? की एवढ्यावर सोडून द्यावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, हे वाचताय तेव्हा कुठलाही वार असो, आधी बँकेला फोन करा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

नंबर घ्यायचा तो तुमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला. तो पुसट झाला असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानावरचा. तिथेही नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावरचा, आणि संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा. भारतीय बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता `.bank.in` असे संपतात. गुगलवर ‘अमुक बँक कस्टमर केअर’ शोधून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नका. तिथे भामट्यांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच जातो.

फोन लागला की लांबलचक हकीकत सांगत बसू नका. एवढंच म्हणा: “शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी एका अनोळखी माणसाला कार्डाचा नंबर, मुदत आणि बँकेचा कोड सांगितलाय. माझं डेबिट कार्ड ब्लॉक करा, नेट बँकिंग, मोबाईल बँकिंग आणि यूपीआय बंद करा, खात्याला डेबिट फ्रीज लावा आणि तक्रारीचा क्रमांक द्या.”

यातलं कार्ड ब्लॉक करणं लोक करतात आणि तिथेच थांबतात. इथेच घोळ होतो. कार्ड ब्लॉक झालं की त्या कार्डावरची नवी खरेदी थांबते. पण त्या माणसाने कार्डाचे तपशील आणि तुमचा कोड वापरून मोबाईल बँकिंगमध्ये आधीच शिरकाव केला असेल, तर कार्ड बंद झाल्याने तो बाहेर पडत नाही. त्याला आता कार्डाची गरजच उरलेली नसते. म्हणून नेट बँकिंग आणि मोबाईल बँकिंग वेगळी सांगून बंद करून घ्यायची. डेबिट फ्रीज म्हणजे खात्यातून रक्कम बाहेर जाणं थांबतं, आत येणं चालू राहतं. पेन्शन, व्याज, मुलाने पाठवलेले पैसे जमा होत राहतील. मात्र त्या खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते अडतील. या आठवड्यात कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम असेल तर तो दुसऱ्या खात्यातून भरायची सोय करा. त्या भीतीने फ्रीज टाळू नका.

फोनवर यंत्राचा आवाज जन्मतारीख किंवा आकडे कीपॅडवर दाबायला सांगेल. तो फोन तुम्ही केलाय आणि खऱ्या नंबरवर केलाय, त्यामुळे ते दाबायला हरकत नाही. पलीकडच्या माणसाला मात्र तोंडी कोड सांगायचा नाही, तिथेही नाही. खरा कर्मचारी तो मागतही नाही.

झालं? मग आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे गेले नाहीत, मग गाजावाजा कशाला?

तुम्ही दिलेल्या कोडाने नेमकं काय झालं, हे तुमच्याच फोनमध्ये लिहिलेलं आहे. शनिवारचा पहिला मेसेज उघडा. पुसला नसेलच, आणि आता पुसूही नका. घाईत आपली नजर आकड्यांवर जाते, बाजूचं वाक्य कुणी वाचत नाही. भामटा त्या घाईच्याच जिवावर असतो, म्हणून तो सतत बोलत राहतो. बँकेगणिक शब्द थोडे बदलतात, पण साचे साधारण असे असतात:

```
OTP 482913 for txn of INR 49,999.00 on card ending 1234
OTP 482913 to register new device for Mobile Banking
OTP 482913 to add beneficiary
OTP 482913 to reset your password
```

पहिली ओळ खरेदीची. त्यात रक्कम असते आणि कोड दिला की पैसे त्याच मिनिटाला जातात. तुमचे गेले नाहीत, म्हणजे तुमचा कोड बहुधा या जातीचा नव्हता. बाकीच्या तीन ओळींत रक्कमच नसते. दुसरी म्हणते, तुमच्या खात्याला एक नवा मोबाईल जोडला जातोय. तिसरी म्हणते, पैसे पाठवण्याच्या यादीत एक नवं नाव घातलं जातंय. चौथी म्हणते, पासवर्ड बदलला जातोय. यातला कोड दिला तर त्या क्षणी एक रुपयाही हलत नाही. त्यामुळे माणूस सुस्कारा टाकतो आणि विषय सोडून देतो. आमच्या मते रक्कम नसलेला कोड हा रक्कम असलेल्या कोडापेक्षा जास्त घातक आहे. खरेदीच्या कोडाने एक ठरावीक रक्कम जाते. या कोडांनी खात्याचा ताबाच जाऊ शकतो.

तुमच्या बाबतीत काय घडलं असण्याची शक्यता आहे, ते क्रमाने पाहा. त्या माणसाकडे कार्डाचे पहिले सहा आकडे होते. त्यात काही विशेष नाही. कार्डाचे सुरुवातीचे आकडे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात, एकाच बँकेच्या हजारो कार्डांवर ते सारखे असतात. शेवटचे चार दुकानाच्या बिलावर, स्वाइपच्या चिठ्ठीवर, ऑनलाइन खरेदीच्या पावतीवर छापून येतात. नाव आणि मोबाईल नंबर तर कितीतरी याद्यांमधून विकत मिळतात. सोळातले दहा आकडे असे आयते. ते ऐकूनच तुमचा विश्वास बसला की हा बँकेचा माणूस, आणि उरलेले मधले सहा तुम्ही स्वतः पुरवलेत. ‘खात्रीसाठी’ म्हणून जे मागितलं, नेमकं तेच त्याच्याकडे नव्हतं. त्यात कार्डाची मुदत मिळाली. आता त्याला फक्त तुमच्या मोबाईलवर येणारा कोड हवा होता.

पहिल्या कोडाने त्याने बहुधा नवा मोबाईल जोडला किंवा पासवर्ड बदलला. लगेच आलेला दुसरा कोड पुढच्या पायरीचा असणार, म्हणजे नवं नाव घालण्याचा किंवा पिन ठरवण्याचा. तो तुम्ही दिला नाहीत, हे फार चांगलं केलंत, त्यामुळे त्याचं काम अर्ध्यावर राहिलं. पण अर्ध्यावर राहिलं म्हणजे संपलं असं नाही. नवा मोबाईल जोडल्यावर किंवा नवं नाव घातल्यावर बऱ्याच बँका काही तास, कुठे पूर्ण एक दिवस, मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. यूपीआयवरही नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. ही मुदत तुमच्या बचावासाठी ठेवलेली आहे. ग्राहकाला गडबड कळावी आणि त्याने बँकेला सांगावं म्हणून तेवढा वेळ मिळतो. शनिवारी चारला जोडलेला फोन रविवारी चारनंतर मोकळा होतो, आणि तेव्हा शाखेला कुलूप असतं. म्हणून ‘सोमवारी जाऊ’ हा बेत सगळ्यात धोक्याचा. फोनवरची तक्रार मात्र रविवारीही घेतली जाते. ती चोवीस तास घेण्याची सोय ठेवणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलेलं आहे.

आता त्या ‘व्यवहार थांबवण्यासाठी कोड’ या थापेबद्दल. हे एकदा नीट समजलं की पुढच्या वेळी तो माणूस कितीही गोड बोलला तरी तुम्ही फसणार नाही. ऑनलाइन कार्डाच्या व्यवहाराला कार्डाच्या तपशिलांखेरीज आणखी एक खूण लागते, असा नियम आपल्याकडे २००९ पासून आहे. हा कोड ती खूण. म्हणजे कोड मिळाला तरच व्यवहार पुरा होतो. मिळाला नाही तर काही मिनिटांत तो आपोआप बाद होतो. थांबवण्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागत नाही, कोड कुणाला न सांगणं एवढंच पुरतं. व्यवहार रद्द करायचा कोड कुठल्याही बँकेकडे नसतो. फोनवर ‘रद्द’, ‘रिव्हर्स’, ‘ब्लॉक’, ‘पॉइंट जमा’ असं काहीही ऐकू आलं, तरी हातातला कोड कशाला तरी होकार देण्यासाठीच आलेला असतो.

एक अडचण खरी आहे, तिच्याबद्दल बोललं पाहिजे. हल्ली आपल्याला कोड सांगायची सवय लागलीये. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस कोड मागतो, कुरिअरवाला मागतो, रिक्षा बुक केली की चालक मागतो. तिथे सांगायचा आणि इथे नाही, हा फरक घरातल्या मोठ्या माणसांना कसा समजवायचा? फरक असा की, सिलिंडर तुम्ही मागवलेलं असतं, ते दारात आलेलं असतं, आणि मेसेजमध्ये डिलिव्हरीचं लिहिलेलं असतं. वस्तू डोळ्यांसमोर आहे आणि मेसेज त्याच वस्तूबद्दल आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की कोड द्यायला हरकत नाही. न मागवलेल्या कामाचा, समोर नसलेल्या माणसाने मागितलेला कोड देऊ नये. मेसेजच्या वाक्यात बँक, कार्ड, खातं, पासवर्ड यांपैकी काही आलं तर समोर उभा असलेल्या माणसालाही नाही.

कोड बाहेर नेण्याच्या आणखी दोन तऱ्हा आहेत, त्यात तुम्हाला काही वाचून दाखवावं लागत नाही. एकीत तो तुम्हाला अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ पाठवतो आणि ‘ही एका नंबरवर एसएमएस करा’ म्हणतो. यूपीआय अ‍ॅप फोनला जोडताना तुमच्या सिमवरूनच एक एसएमएस जावा लागतो. ती लांब ओळ म्हणजे त्याच्या फोनवरच्या अ‍ॅपचा एसएमएस असतो, आणि तुमच्या सिमवरून गेला की त्याचा फोन तुमच्या नंबरला जोडला जातो. मग यूपीआय पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि एक कोड, एवढंच बऱ्याच ठिकाणी पुरतं. तुमच्याकडून असा एसएमएस गेलाय का, हे मेसेजमधल्या ‘पाठवलेले’ मध्ये पाहा. गेला असेल तर बँकेला ते आवर्जून सांगा.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘केवायसी’ किंवा बँकेच्या नावाची एक फाइल येते, तिचं नाव `.apk` ने संपतं. ती बसवली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ती दिली की तुमचे कोड परस्पर त्याच्याकडे जायला लागतात. अशी फाइल तुम्ही उघडली असेल, तर त्याच फोनवरून पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही, नवा पासवर्डही त्याच्या हाती पडेल. आधी फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा, बँकेला घरातल्या दुसऱ्या फोनवरून फोन करा, ते अ‍ॅप काढून टाका. निघत नसेल तर दुकानातून फोन पूर्ण रिसेट करून घ्या. फाइल उघडली नसेल तर हा भाग तुम्हाला लागू नाही.

फोनच्या बाबतीत एक तपासणी मात्र कराच. तुमचे फोन दुसरीकडे वळवलेत का ते पाहायला डायल करा:

```
*#21#
```

उत्तरात अनोळखी नंबर दिसला, किंवा काहीच उत्तर आलं नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून ते बंद करा. बँकेचा कोड कधी कधी फोन करूनही सांगितला जातो, आणि तो फोन भामट्याकडे वळलेला असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

खातं गोठवल्यावर पुढचं काम पाहणीचं. तुम्ही लिहिलंय, शिल्लक जशीच्या तशी आहे. ती बचत खात्याची शिल्लक. मुदत ठेवी पाहिल्यात का? नेट बँकिंगमधून ठेव मुदतीआधी मोडता येते, आणि मोडलेली रक्कम आधी बचत खात्यात येते. तसंच ज्यांची नोकरी किंवा पेन्शन नियमित आहे अशांना बँका आधीच मंजूर केलेलं कर्ज अ‍ॅपमध्ये देऊन ठेवतात. दोन-तीन वेळा बटण दाबलं की तेही लगेच खात्यात जमा होतं. म्हणून शिल्लक कमी झालेली दिसली तर काळजी करायचीच, पण अचानक वाढलेली दिसली तर त्याहून जास्त. पैसे बाहेर न्यायची ती तयारी असते. बँकेच्या माणसाला फोनवरच विचारा: खात्याला कुठला नवा मोबाईल जोडलाय का, शनिवारनंतर कुणाचं नाव यादीत आलंय का, रोजची मर्यादा वाढवलीये का, ईमेल किंवा मोबाईल नंबर बदलायची विनंती आलीये का, ठेव मोडली किंवा कर्ज घेतलंय का. पाच प्रश्न आहेत, कागदावर लिहून घ्या आणि एकेकाचं उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

आता पैशाच्या जबाबदारीबद्दल. इथे गोड बोलून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम या बाबतीत स्पष्ट आहे. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाच्या यंत्रणेतून पैसे गेले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच येत नाही. पण ग्राहकाने स्वतः कोड किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तुम्ही कोड दिलाय, म्हणून तुम्हाला तीन दिवसांची सवलत धरता येणार नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कळवल्याची वेळ. आज दुपारी बाराला तक्रार नोंदली आणि पाच वाजता दोन लाख गेले, तर तो बोजा बँकेवर. सोमवारी साडेदहाला शाखेत गेलात आणि पैसे रविवारी पाचला गेलेले असले, तर तो तुमच्यावर. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहा, फोनमधल्या कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढा.

नाशिककरांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था दोन्ही भरपूर आहेत. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये असाच नियम काढला. पतसंस्था मात्र बँक नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, तिला हा नियम लागू नाही. घरातल्या कुणाचं खातं पतसंस्थेत असेल आणि तिचं अ‍ॅप वापरत असतील, तर अशा प्रसंगी थेट त्यांच्या व्यवस्थापकाला गाठून खातं थांबवून घ्यायचं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर कधी लावायचा? एक रुपया जरी गेला तर लगेच, बँकेच्या फोनच्या पाठोपाठ. तिथे तक्रार नोंदली की तुमच्या बँकेला आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते, आणि रक्कम तिथे शिल्लक असली तर अडवली जाते. पुढच्या खात्यात गेली असेल तर सूचना पुढे सरकते. भामटेही ते जाणून असतात. ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार ठिकाणी रक्कम फोडतात आणि एटीएममधून काढून घेतात. एकदा नोटा हातात पडल्या की अडवायला काही उरत नाही. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो, मेसेजमध्ये किंवा अ‍ॅपच्या नोंदीत सापडतो. `cybercrime.gov.in` वरही तक्रार करता येते. अडवलेली रक्कम परत मिळायला पुढे अर्ज करावा लागतो, बऱ्याचदा न्यायालयाचा आदेशही लागतो, त्यामुळे सगळे कागद जपून ठेवा.

तुमचे पैसे गेलेले नाहीत, तर निदान तो नंबर कळवा. `sancharsaathi.gov.in` वर ‘चक्षू’ नावाची सोय अशाच फसव्या फोनसाठी आहे. ती पैसे गेलेल्यांसाठी नाही, फसवायचा प्रयत्न झाला त्यांच्यासाठी. फोनची तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट लागतो. पोलिसांत जायचं झालं, तर इंदिरानगर, नाशिकरोड, सातपूर, पंचवटी हा भाग शहर आयुक्तालयाचा, त्यांचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या नातेवाइकांसाठी ग्रामीण पोलिसांचं सायबर ठाणं वेगळं. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर ‘झीरो एफआयआर’ नोंदवा असं म्हणा. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे.

येत्या काही दिवसांत तुम्हाला पुन्हा फोन येईल, याची तयारी ठेवा. कोड सांगणाऱ्या माणसाचा नंबर या लोकांत फिरतो. पुढचा फोन बहुधा ‘सायबर शाखेतून’ येईल: आम्ही त्या टोळीला पकडलंय, तुमचं खातं सुरक्षित करायचंय, आलेला कोड सांगा. किंवा ‘तुमच्या खात्यात चुकून पैसे आले, परत करा’. बँका ग्राहकांना कामाचे फोन करण्यासाठी आता `1600` ने सुरू होणारे नंबर वापरू लागल्या आहेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून ‘बँक अधिकारी’ बोलला तर संशयाला तेवढं पुरेसं आहे. नंबर `1600` चा असला तरीही कोड द्यायचा नाहीच. शंका आली तर ‘मी परत फोन करते’ म्हणून ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावा. खरा अधिकारी यावर चिडत नाही.

सोमवारी शाखेत जायचं आहेच, पण फोनवरची तक्रार कागदावर आणण्यासाठी. जुनं कार्ड, पासबुक, आधार, दोन्ही मेसेजचे छापील स्क्रीनशॉट आणि खालच्यासारखा अर्ज दोन प्रतींत न्या:

“माझ्या खाते क्रमांक ____ च्या संदर्भात दि. ____ रोजी दुपारी ____ वाजता मोबाईल क्र. ____ वरून बँक अधिकारी असल्याचे सांगून फोन आला. मी कार्डाचा तपशील व एक ओटीपी त्या व्यक्तीस सांगितला. मी दि. ____ रोजी ____ वाजता ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवली असून तक्रार क्र. ____ आहे. माझ्या खात्याशी जोडलेली सर्व अनोळखी उपकरणे व नव्याने जोडलेले लाभार्थी काढून टाकावेत, नवे कार्ड द्यावे आणि त्या वेळेनंतरच्या सर्व व्यवहारांचे विवरण द्यावे.”

एक प्रत शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोच घ्या. काउंटरवरचा माणूस ‘फोनवर सांगितलंय ना, झालं’ म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. अनोळखी मोबाईल काढल्याची खात्री झाल्यावर स्वतःच्या फोनवरून नवा पासवर्ड, नवा यूपीआय पिन आणि नव्या कार्डाचा नवा एटीएम पिन करा, आणि मगच डेबिट फ्रीज उठवायला सांगा. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवा, परदेशी संकेतस्थळं बऱ्याचदा कोड न विचारताच पैसे घेतात. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. तिथे हीच शिक्क्याची प्रत जोडायची आहे.